तारेच्या इअरबडचं चित्र प्रॉम्प्टने काढताना: चकाकी, वायर आणि हातातलं माप

गेरू

नमस्कार. मी प्रॉडक्ट डिझाइन शिकते. एका प्रकल्पासाठी तारेच्या इअरबडची रचना केली आहे. कवच पांढरं, चकचकीत प्लास्टिकचं, त्याला छोटा दांडा आणि दांड्यातून बाहेर पडणारी पातळ वायर. वस्तू अजून बनलेली नाही. माझ्याकडे रेखाचित्रं आहेत आणि हाताने घडवलेला मातीचा एक नमुना आहे. सादरीकरणासाठी मला एकच चित्र हवंय, इअरबड माणसाच्या हातात धरलेला. बघणाऱ्याला तो केवढा आहे ते न सांगता कळलं पाहिजे.

घरच्या संगणकावर एसडीएक्सएल हे प्रॉम्प्टवरून चित्र काढणारं एआय मॉडेल वापरते. आतापर्यंत साधारण दीडशे चित्रं काढली. हा प्रॉम्प्ट:

```
white glossy wired earbuds held in hand, tiny,
reflective shiny plastic, curly cable, studio, 8k
```

तीन गोष्टी सतत बिघडतात. प्लास्टिक क्रोमसारखं दिसतं, नाहीतर पाण्यातून काढल्यासारखं ओलं. वायर बोटामागे जाते आणि भलतीकडूनच बाहेर येते, कधी तिला दोन फाटे फुटतात. आणि इअरबड फार मोठा येतो. परवाच्या एका चित्रात तो जवळजवळ लिंबाएवढा होता. `tiny` घातलं तर हातच बाहुलीचा वाटायला लागतो.

मी नेमकं काय चुकीचं सांगतेय?

सरळमार्गी

प्रॉम्प्ट फार तोकडा आहे. `ultra realistic, octane render, masterpiece` वगैरे वाढवा. निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये `extra wires, deformed` टाका. आणि माप थेट लिहा ना, `17 mm wide`. मॉडेलला आकडा दिला की ते चुकणार कशाला? मी सगळी चित्रं अशीच काढतो, छान येतात.

गेरू

सरळमार्गी, आत्ताच करून पाहिलं. एकाच सीडवर, म्हणजे चित्राची यादृच्छिक सुरुवात तीच ठेवून, मापाचा आकडा घालून आणि न घालता. इअरबडच्या मापात काही फरक पडला नाही. उलट एका चित्रात कवचावर `17 m` असं अर्धवट छापलेलं आलं! निगेटिव्हमुळे जास्तीचे फाटे कमी झाले हे मात्र खरं. ऑक्टेनचं नाव घातल्यावर प्लास्टिक आणखीच काचेसारखं झालं.

भिंगकाच

मी चकचकीत वस्तूंचे फोटो काढतो, खऱ्या कॅमेऱ्याने. त्यामुळे फक्त चकाकीबद्दल बोलतो.

तुमच्या प्रॉम्प्टमध्ये `reflective` आणि `shiny` हे शब्द आहेत. हे शब्द धातू, काच आणि ओल्या वस्तूंच्या चित्रांना जास्त चिकटलेले असतात. प्लास्टिकची चकाकी वेगळी असते. त्यावर समोरून पडलेल्या उजेडातला साधारण ४ टक्केच भाग आरशासारखा परत येतो. बाकीचा आत शिरतो, विखुरतो आणि वस्तूचा रंग घेऊन बाहेर येतो. काळ्या प्लास्टिकवर ते ४ टक्के लगेच दिसतात, कारण मागे अंधार असतो. पांढऱ्यावर ते बुडून जातात. आधीच भरपूर उजळ असलेल्या पृष्ठभागावर चार टक्क्यांची भर ती कितीशी दिसणार?

म्हणून स्टुडिओत पांढरी चकचकीत वस्तू ठेवली की आम्ही प्रकाश वाढवत नाही, काळा पुठ्ठा आणतो. वस्तूच्या एका बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर तो उभा करायचा. त्याचं प्रतिबिंब वस्तूच्या कडेवर पडतं आणि तिथे एक गडद पट्टी उमटते. कडेला प्रतिबिंब फार जोरकस असतं, कारण तिथे आपण पृष्ठभागाकडे अगदी तिरकं पाहत असतो. त्या एका पट्टीने पांढरं कवच पार्श्वभूमीतून सुटतं आणि चकचकीतही वाटतं.

दुसरी गोष्ट, चकाकी म्हणजे चमकेचा लखलखाट नव्हे. प्रतिबिंबाची कड किती धारदार आहे, त्यावर डोळा ती ठरवतो. मॅट प्लास्टिकवर खिडकीचं प्रतिबिंब पसरट ढगासारखं दिसतं. चकचकीतवर त्या खिडकीचे कोपरे दिसतात. म्हणून मॉडेलला ‘चकचकीत’ म्हणण्यापेक्षा कशाचं प्रतिबिंब, कुठल्या बाजूला आणि कशा कडेचं, हे सांगा. डावीकडे खिडकीचं धारदार प्रतिबिंब, उजवीकडे गडद कड. एवढं पुरतं.

एक तपासणीही सांगतो. दांडा नळीसारखा असतो, त्यामुळे त्याच्यावरचं प्रतिबिंब दांड्याच्या लांबीने सरळ बारीक रेघ म्हणून येतं. कवच गोलसर, तिथे तेच प्रतिबिंब वाकलेल्या छोट्या खिडकीसारखं दिसतं. दोन्ही एकाच बाजूला हवीत. मग बोटाचं नख बघा. नखही चकचकीतच असतं. कवचावर चमक डावीकडे आणि नखावर उजवीकडे असेल तर हात एका खोलीतला आणि वस्तू दुसऱ्या खोलीतली, असं ते चित्र दिसतं. काय खटकतंय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं नक्की.

वाटाड्या

माझा अनुभव सांगतो. तारेचे बड माझ्या उजव्या कानात कधीच टिकत नाहीत, डाव्यात मात्र घट्ट बसतात. कानाच्या भोकापुढे कूर्चेचा जो छोटा उंचवटा असतो आणि त्याच्या समोर खाली दुसरा, त्या दोघांमधली खाच माझ्या उजव्या कानात अरुंद आहे. दांडा त्या खाचेतून खाली उतरायला हवा, तो तिथे अडकतो आणि बड बाहेर ढकलला जातो. खाच बघूनच दांड्याची जाडी ठरवा म्हणजे झालं. कुणाला असाच त्रास असेल तर काय उपाय केला तेही सांगा.

गेरू

वाटाड्या, माझा प्रश्न चित्राबद्दल होता, पण तुमचं उत्तर फार उपयोगी पडलं. कानातली काही चित्रंही काढून ठेवली होती, ती आत्ता पुन्हा उघडली. एकातही दांडा त्या खाचेतून उतरत नाही! कुठे तो गालावर चिकटवल्यासारखा आहे, कुठे कानाच्या पाळीतून उगवलेला. चित्र कुठे चुकतंय ते आतापर्यंत समजतच नव्हतं.

मातीकाम

वाटाड्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी मूर्तिकार आहे, कान पुष्कळ घडवले आहेत. बड कानाच्या वाटीत, त्या पुढच्या उंचवट्याच्या आडोशाला बसतो. उंचवट्यामुळे त्याचा थोडा भाग झाकला गेलाच पाहिजे. संपूर्ण कवच उघडं दिसत असेल तर ते कानात नाही, कानावर आहे. दांडा खाचेतून खाली येतो आणि किंचित पुढे, तोंडाच्या दिशेने झुकतो. मागे झुकलेला दिसला तर डाव्या कानाचा बड उजव्यात घातला आहे असं समजावं. ही चूक मॉडेल फार करतं, कारण दोन बड एकमेकांची आरशातली रूपं असतात आणि त्यांतला फरक बारीक असतो.

मोठ्या माणसाच्या कानाची उंची साधारण ६ ते साडेसहा सेंटीमीटर असते. ३ सेंटीमीटरचा दांडेवाला बड त्याच्या निम्म्याच्या आसपास दिसायला हवा. पट्टी लावून बघा, तुमच्या चित्रांत तो दोन तृतीयांशाच्या पुढे गेलेला असेल असा माझा अंदाज.

गेरू

मोजलं. तीन चित्रांपैकी दोनांत तसंच निघालं. तिसऱ्यात बरोबर होतं, पण त्यात वायरच नव्हती.

दोरा_सुई

वायरचं मी सांगते. माझं काम याच मॉडेल्सशी असतं.

एसडीएक्सएल थेट पिक्सेलमध्ये चित्र काढत नाही. ते आधी एका लहान, दाबलेल्या जाळीवर काम करतं आणि शेवटी ती जाळी उलगडून चित्र होतं. जाळीचं एक घर म्हणजे चित्रातले ८ बाय ८ पिक्सेल. १०२४ पिक्सेलच्या चित्रासाठी जाळी १२८ बाय १२८ घरांचीच असते.

आता तुमची चौकट बघा. हात, टेबल आणि वायरचं सगळं वेटोळं दिसावं म्हणून ती साधारण ३० सेंटीमीटर रुंद झाली असणार. म्हणजे एका मिलिमीटरला जेमतेम साडेतीन पिक्सेल. वायर २ मिलिमीटरची धरली तर चित्रात ती ७ पिक्सेल रुंद, म्हणजे एका घराहूनही बारीक. मॉडेलला ती सलग दोरी म्हणून हाताळताच येत नाही, प्रत्येक घरात ‘इथे काहीतरी बारीक पांढरं आहे’ एवढंच धरता येतं. अशी घरं एकमेकांना जुळली तर जुळली.

चौकट १२ सेंटीमीटरची करा. मग मिलिमीटरला साडेआठ पिक्सेल मिळतात आणि तीच वायर १७ पिक्सेलची होते. दोन घरं भरतात, तुटणं बरंच कमी होतं. प्रॉम्प्टमध्ये शब्द वाढवण्याआधी हे करावं.

त्यापुढची अडचण जाळीमुळे येत नाही, ती आकलनाची आहे. वायर बोटामागे गेली की पलीकडून तीच वायर निघाली पाहिजे, हे मॉडेलला कुठे लिहून दिलेलं नसतं. दोन वायरी एकमेकींवरून गेल्या तर त्या जागी चार टोकं एकत्र आलेली दिसतात आणि मॉडेल तिथे गाठ मारतं किंवा फाटा काढतं. म्हणून पहिल्या चित्रात वायर स्वतःवरून जाऊच देऊ नका. `curly` काढून टाका, त्याने टेलिफोनच्या जुन्या स्प्रिंगसारखी वायर येते. वाटसरूला रस्ता सांगतो तसा वायरचा रस्ता सांगा: दांड्यातून सरळ निघते, एक मोठं वळण घेते, उजव्या खालच्या कडेने चौकटीबाहेर जाते.

चौकटीची कड इथे फार कामाची आहे. तारेच्या जोडीला तीन टोकं असतात, दोन बड आणि एक पिन. तिन्ही दाखवायला गेलात तर तिन्हींचा हिशोब जुळवावा लागतो. एकच बड दाखवा, वायर बाहेर जाऊ द्या, म्हणजे बाकीची दोन टोकं बघणारा मनात पूर्ण करतो.

सरळमार्गी

दोरा_सुई, मग फ्लक्स का वापरत नाही? त्यात वायरी चांगल्या येतात. मी तोच वापरतो, वर हाच निगेटिव्ह प्रॉम्प्ट.

दोरा_सुई

वायरी त्यात बऱ्या येतात, मान्य. त्याच्या जाळीच्या प्रत्येक घरात ४ ऐवजी १६ आकडे साठवले जातात, त्यामुळे बारीक तपशील जास्त टिकतो. शिवाय लांब वाक्यं त्याला चांगली कळतात, रस्ता सांगण्याची पद्धत तिथे आणखी उपयोगी. पण फ्लक्स डेव्ह नेहमीच्या पद्धतीने चालवलं तर निगेटिव्ह प्रॉम्प्टचा परिणाम होत नाही. त्याचं गायडन्स मॉडेलच्या आतच मुरवलेलं आहे, दुसरी फेरी घेऊन वजाबाकी करण्याची जुनी युक्ती तिथे चालत नाही. निगेटिव्ह प्रॉम्प्ट वेगळ्या मार्गाने पुन्हा जोडता येतो, पण मग वेळ साधारण दुप्पट लागतो. तुमची चित्रं चांगली येतात ती मॉडेलमुळे, त्या निगेटिव्हमुळे नव्हे. तो रिकामा ठेवून त्याच सीडवर एकदा बघा.

सरळमार्गी

बघितलं. चित्र तंतोतंत तेच आलं. हे मला इतके दिवस माहीतच नव्हतं, धन्यवाद. पण एसडीएक्सएलमध्ये तरी गेरूंना त्याचा फायदा झालाच की.

दोरा_सुई

हो, तिथे होतोच. फक्त `no extra wires` असं मुख्य प्रॉम्प्टमध्ये लिहू नका. मॉडेल ‘नाही’ फारसं ऐकत नाही, वायरी मात्र ऐकतं.

भिंगकाच

वायरबद्दल माझ्याकडून एक. खरी वायर दांड्यातून निघाल्या निघाल्या वळत नाही. तोंडाशी रबराची जाडसर बाही असते आणि तेवढा भाग ती सरळच राहते. मॉडेलची वायर कवचातून निघते ती गवताच्या पात्यासारखी वाकूनच. आणखी, गुंडाळून ठेवलेल्या वायरीत त्या गुंडाळीचा पीळ राहतो. टेबलावर टाकली तरी ती पूर्ण टेकत नाही, मधेमधे उचललेली राहते. जिथे टेकते तिथे सावली वायरीला चिकटलेली असते, जिथे उचललेली असते तिथे सावली सुटून बाजूला जाते आणि पुसट होते. सावली सगळीकडे सारख्याच अंतरावर असेल तर वायर हवेत तरंगते आहे असं वाटतं.

गेरू

चौकट घट्ट केली, रस्ता सांगितला, प्रतिबिंबं भिंगकाच यांच्या सांगण्याप्रमाणे लिहिली. आत्ताचा प्रॉम्प्ट:

```
close-up, thumb and fingertip hold one white wired
earbud by the stem, shell as wide as the fingertip,
moulded plastic, sharp window reflection on the left,
dark edge on the right, thin cable leaves the stem
straight, one wide curve, exits lower right
```

वीस चित्रं काढली. प्लास्टिक एकदम प्लास्टिक दिसायला लागलं, अगदी दुसऱ्याच चित्रापासून. वायर वीसपैकी अकरात सलग आली, आधी दहात एखादी यायची. पण माप अजून जमत नाही. बोटाएवढं रुंद म्हटलं तरी कवच बोटाच्या दीडपट येतंय.

मातीकाम

दीडपट हे डोळ्याने म्हणता की मोजून?

गेरू

डोळ्याने.

मातीकाम

मग मोजा. तुमच्या तर्जनीच्या टोकाची रुंदी पट्टीने घ्या. चित्रात त्याच जागी बोट किती पिक्सेल आहे ते बघा, त्यावरून एका मिलिमीटरला किती पिक्सेल ते निघेल. मग कवच मोजा. बोट आणि कवच कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतील असंच चित्र निवडा, नाहीतर जवळची वस्तू उगाच मोठी भरेल.

गेरू

माझं बोट १५ मिलिमीटर भरलं, नमुन्याचं कवच १७. चित्रात बोट ९६ पिक्सेल, कवच १६८. म्हणजे मिलिमीटरला ६.४ पिक्सेल आणि कवच २६ मिलिमीटरचं! दीडपट वाटत होतं, प्रत्यक्षात बोटाच्या पावणेदोनपट आहे.

मातीकाम

२६ मिलिमीटरचा बड कानाच्या वाटीत जाणारच नाही. तुमच्या चित्रातली वस्तू वापरताच येणार नाही अशी आहे, आणि बघणाऱ्याचा हात ते ओळखतो. रोज हातात घेतलेल्या वस्तूचं माप आपण डोळ्याने नव्हे, बोटांनी लक्षात ठेवलेलं असतं.

दुसरी एक खूण बोटांच्या ठशांची. त्या रेघांमधलं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर असतं. म्हणजे १५ मिलिमीटरच्या बोटावर आडव्या तीसेक रेघा बसतील. मॉडेल आठ-दहा जाड रेघा काढून मोकळं होतं, मग तो हात राक्षसाचा वाटतो किंवा वस्तू मुंगीची. रेघा विरळ आल्या असतील तर त्या अजिबात नसलेल्या बऱ्या.

आता माझा खरा प्रश्न. मातीचा नमुना तुमच्याकडे आहे असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत. तो हातात धरून फोटो का काढत नाही?

गेरू

माती करड्या रंगाची, खडबडीत आहे. तिचा फोटो सादरीकरणात कसा लावणार?

मातीकाम

लावू नका. मॉडेलला दाखवा. माप शब्दांनी सांगण्याची गरजच राहणार नाही.

दोरा_सुई

मातीकाम यांचं शंभर टक्के बरोबर. शब्दांतून माप जात नाही, कारण जाहिरातींच्या चित्रांत इअरबड बहुतेक वेळा एकटाच, कोऱ्या पार्श्वभूमीवर, चौकट भरून असतो. शेजारी मोजायला काहीच नसतं. मॉडेलची सवय तीच.

कंट्रोलनेट वापरा, खोलीचा नकाशा घेणारं. नमुना हातात धरून फोटो काढा. जुन्या इअरफोनची वायर कापून नमुन्याच्या दांड्यात खोचा आणि हवा तो रस्ता तिला प्रत्यक्षच द्या. त्या फोटोवरून कुठला भाग जवळ, कुठला लांब याचा करडा नकाशा तयार होतो, आणि मॉडेल त्या आकारांवरच चित्र बसवतं. जोर ०.६ ते ०.७ ठेवा आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात नियंत्रण सोडून द्या. पूर्ण वेळ धरून ठेवलंत तर मातीचे खड्डेही प्लास्टिकवर उतरतील.

फोटो दूरून काढा, मग कापा. फोन हाताच्या अगदी जवळ नेला तर पुढे आलेली वस्तू फुगते आणि चूक नकाशातच शिरते.

त्रिमिती

एवढा खटाटोप कशाला? रचना तयार आहे तर ब्लेंडरमध्ये मॉडेल करा. वायर म्हणजे एक कर्व्ह, जाडी २ मिलिमीटर, तुटण्याचा प्रश्नच नाही. प्लास्टिकला प्रिन्सिपल्ड शेडर, आयओआर १.५, रफनेस ०.०५ च्या आसपास. माप मिलिमीटरमध्ये अचूक. मी हेडफोनचं असंच केलं होतं आणि त्यात एकही गोष्ट नशिबावर सोडावी लागली नाही.

गेरू

त्रिमिती, वस्तूपुरतं पटतं. पण हात? हातात धरलेलं चित्रच हवंय मला.

त्रिमिती

हात अवघड आहे, खरं. चांगला हात बनवायला इअरबडच्या दसपट वेळ जाईल. माझ्या हेडफोनच्या चित्रात हात नव्हता. तरी मी म्हणेन, बड ब्लेंडरमध्ये काढा आणि हाताच्या फोटोत बसवा.

भिंगकाच

त्यातही एक मेख आहे, त्रिमिती. पांढरं चकचकीत कवच बोटाला लागून असलं की बोटाकडच्या बाजूला कातडीचा उबदार रंग उतरतो. उलट बोटावर कवचाचा पांढरा उजेड पडतो. बड वेगळा काढून बसवला की ही देवाणघेवाण होत नाही आणि वस्तू चिकटवल्यासारखी दिसते. तुम्ही साधा एक बोटाएवढा, कातडीच्या रंगाचा दंडगोल शेजारी ठेवून रेंडर केलंत तर निम्मं काम होईल.

त्रिमिती

हे सुचलं नव्हतं. करून बघते.

गेरू

मातीच्या नमुन्याचा फोटो काढला. मैत्रिणीने हाताच्या अंतरावरून दुप्पट झूम करून घेतला. नकाशा केला, जोर ०.६५. प्रॉम्प्ट वरचाच, फक्त बोटाएवढ्या रुंदीचे शब्द काढले, कारण आता माप फोटोतूनच येतंय.

मोजमाप: बोट १३० पिक्सेल, कवच १४९. म्हणजे कवच १७.२ मिलिमीटर. नमुना १७ चा आहे. दीडशे चित्रांनंतर पहिल्यांदाच माझीच वस्तू चित्रात दिसली!

वायर बोटामागून जाऊन योग्य ठिकाणी बाहेर आली, आठपैकी आठ चित्रांत. कातडीचा रंगही कवचाच्या कडेला उतरला आहे, तो मी मागितला नव्हता.

दोन गोष्टी राहिल्या. एक, दांड्याच्या तोंडाशी वायर अजूनही वितळून दांड्यात मिसळल्यासारखी दिसते, रबराची बाही निघतच नाही. दोन, सगळंच चित्र सारखं स्पष्ट आहे आणि त्यामुळे बड काहीसा मोठा भासतो, माप बरोबर असूनही.

भिंगकाच

दुसऱ्याचं कारण फोकसची खोली. १२ सेंटीमीटरची चौकट खऱ्या कॅमेऱ्यात, ३६ मिलिमीटरच्या सेन्सरवर एफ ११ ला घेतली तरी जेमतेम एक सेंटीमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. त्यामुळे लहान वस्तूच्या फोटोत मनगट धूसर असतं आणि वायरही दूर जाता जाता विरते. डोळ्याला याची सवय आहे. सगळं स्पष्ट दिसलं की वस्तू मोठी आहे आणि दुरून पाहतोय असं तो समजतो. पण उलट टोकाला जाऊ नका. बडचाच अर्धा भाग धूसर झाला तर तो तांदळाच्या दाण्याएवढा वाटेल. कवच आणि बोटाचं टोक स्पष्ट, मनगट मऊ, एवढंच मागा.

दोरा_सुई

बाहीसाठी पूर्ण चित्र पुन्हा काढू नका. फक्त दांड्याचं तोंड मास्क करून इनपेंट करा आणि `Only masked` निवडा. मग तेवढाच तुकडा मोठा करून १०२४ पिक्सेलवर काढला जातो आणि परत जागेवर बसतो. जाळीच्या घरांचा तुटवडा तिथे राहत नाही. डीनॉइझ ०.४५ च्या आसपास. मास्कमध्ये वायरचा थोडा पुढचा भागही घ्या, नाहीतर नवी बाही आणि जुनी वायर यांचा सांधा जुळणार नाही.

सरळमार्गी

एक विचारतो. हे चित्र सादरीकरणात लावताना वस्तू खरी बनली आहे असा समज होणार नाही का? माझ्या ओळखीत एकाने असंच चित्र विक्रीच्या पानावर लावलं. घेणाऱ्यांना मिळालेली वायर चित्रातल्यापेक्षा जाड आणि प्लास्टिक मंद होतं. खूप तक्रारी आल्या.

मातीकाम

विकायच्या वस्तूचा खराच फोटो हवा, यात दुमत नसावं. इथे तर वस्तूच नाही अजून. चित्राखाली ‘संकल्पचित्र’ असं स्पष्ट लिहावं.

त्रिमिती

मला तेवढं पुरेसं वाटत नाही. मॉडेलने कवचाच्या दोन भागांमधली सांध्याची रेघ कुठे काढली आहे ते बघा. तशी रेघ साच्यात येऊ शकत नसेल तर गेरूंनी न केलेली रचना चित्रात शिरली. परीक्षक त्याबद्दल विचारतील, आणि विचारायलाच हवं.

भिंगकाच

माझं मत थोडं वेगळं. प्रकाश, हात, धूसरपणा मॉडेलचे असले तर हरकत नाही. रेघ, छिद्रं, जाळी हे रचनेचे भाग आहेत, ते मात्र हाताने दुरुस्त करावेत.

गेरू

त्रिमिती, तुमचं वाचून चित्र मोठं करून पाहिलं. सांध्याची रेघ कवचाच्या मधोमध, उभी आली आहे. माझ्या रेखाचित्रात ती दांड्याला लागून कडेने फिरते. आठही चित्रांत ती वेगवेगळ्या जागी आहे. म्हणजे खोलीच्या नकाशात ती नाहीच, मॉडेल दर वेळी नवी काढतंय.

मातीच्या नमुन्यावर ती रेघ आत्ता सुईने कोरली आहे. पण अर्ध्या मिलिमीटरची खाच नकाशात दिसत नाही, करून पाहिलं. आता कडांचा नकाशा घेणारं दुसरं कंट्रोलनेट जोडीला, कमी जोराने लावून बघणार आहे. भीती एवढीच की मातीवरचे बोटांचे ठसेही कडा म्हणून पकडले जातील. नमुना ओल्या ब्रशने गुळगुळीत करून वाळायला ठेवलाय. तोवर बाहीचं इनपेंट करते. दोरा_सुई, दोन्ही नकाशे एकत्र असताना पहिल्याचा जोर ०.६५ च ठेवायचा की उतरवायचा?

दोरा_सुई

उतरवा, ०.५ पासून सुरू करा. कडांचा ०.३. कडांच्या नकाशातून वायर पुसून टाका, ती खोलीच्या नकाशातून नीट येतेच आहे. दोन्हीकडून आली आणि ती केसभर जरी सरकली तरी दुहेरी वायर निघते.